तोच फोटो दुसऱ्यांदा टाकण्याआधी

एआय मॉडेलने फोटोतला आकडा चुकीचा वाचला की आपला हात आपोआप पुन्हा त्याच फोटोकडे जातो. ‘आता नीट बघ’ असं लिहायचं आणि तीच फाइल परत चढवायची. माणसाला दुसऱ्यांदा दाखवलं तर तो चष्मा पुसतो, उजेडाकडे सरकतो. इथे तसं काही होत नाही. तीच फाइल गेली की ती तितकीच लहान केली जाते, तिचे तसेच चौकोनी तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे तेच आकडे बनून मॉडेलपुढे येतात. पहिल्या खेपेला जो तपशील गळला, तो दुसऱ्या खेपेलाही गळणार. त्यामुळे फोटो पुन्हा टाकायचाच असेल तर आधी थोडी तयारी करावी.

सगळ्यात आधी मूळ फोटोची मापं बघून ठेवा आणि त्यातून मॉडेलपर्यंत किती पोचतं याचा हिशोब करा. प्रत्येक मॉडेलचा नियम वेगळा असतो. उदाहरणासाठी ओपनएआयने आपल्या GPT-4o या मॉडेलच्या ‘हाय डिटेल’ पद्धतीसाठी दिलेला नियम घेऊ. फोटो आधी 2048 × 2048 च्या चौकटीत बसवतात, मग त्याची लहान बाजू 768 पिक्सेलवर आणतात आणि शेवटी 512 च्या चौरसांत त्याचे तुकडे करतात. खर्च टोकनमध्ये मोजतात, म्हणजे मॉडेल मजकूर आणि फोटो ज्या एककात मोजतं त्यात: दर तुकड्याला 170 टोकन आणि वर ठोक 85.

माझा फोटो एका विजेच्या मोटारीच्या नेमप्लेटचा होता, 4000 × 3000. मोटार, तिच्यामागची भिंत, खाली थोडी जमीन, सगळं आलं होतं. प्लेटवरच्या अनुक्रमांकाची अक्षरं मूळ फोटोत साधारण 24 पिक्सेल उंच होती. वरच्या नियमाने हा फोटो 1024 × 768 होतो, म्हणजे जवळजवळ चौपटीने लहान, आणि 24 ची अक्षरं सहा पिक्सेलवर येतात. सहा पिक्सेलच्या उंचीत B आणि 8 यांत फरक उरतो कुठे? तोच फोटो दोनदा टाकला तर 765 च्या जागी 1530 टोकन खर्च होतात आणि सहा पिक्सेलची तीच अक्षरं दोनदा समोर येतात.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर एका ओळीचं काम आहे, नाहीतर कुठल्याही फोटो-एडिटरमध्ये आकार बदलून बघा:

```
magick motor.jpg -resize 1024x768 lahan.jpg
```

ही लहान प्रत शंभर टक्क्यांवर उघडा, झूम करू नका. जे तुम्हालाच वाचता येत नाही, ते मॉडेलला येईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मी हे आधी केलं असतं तर माझा अर्धा तास वाचला असता.

तो अर्धा तास असा गेला. प्लेटवर 60B8813 होतं. मॉडेलने पहिल्यांदा 6088813 वाचलं. मी तोच फोटो पुन्हा टाकला, तर उत्तर आलं 60B8818. मला वाटलं, बघा, B सापडला, दुसऱ्यांदा बघितल्याचा फायदा झाला! शेवटचा आकडा बिघडलाय हे तेव्हा लक्षातच आलं नाही. तिसऱ्यांदा टाकल्यावर गाडी परत 6088813 वर. उत्तर बदललं म्हणजे नजर सुधारली असं नसतं. अक्षर पुसट असेल तर मॉडेलच्या लेखी B आणि 8 दोन्ही जवळपास सारखेच शक्य असतात, आणि उत्तर लिहिताना दर वेळी त्यातला एक उचलला जातो. एकाच फोटोवर उत्तरं अशी इकडून तिकडे झुलायला लागली, तर तपशील पोचलेलाच नाही असं समजा.

दुसरं काम कापाकापीचं. हवा तेवढाच भाग ठेवून बाकी सगळं काढून टाका. मी प्लेटभोवतीचा 1000 × 750 चा तुकडा कापला, म्हणजे मूळ फोटोचा फक्त सोळावा भाग. त्याची लहान बाजू 768 च्या आतच असल्यामुळे तो लहान करावाच लागत नाही आणि अक्षरं 24 पिक्सेलचीच राहतात. गंमत म्हणजे खर्चही तेवढाच, चार तुकडे आणि 765 टोकन. कापलेला भाग फारच छोटा, दीड-दोनशे पिक्सेलचा असेल तर तो दुप्पट-तिप्पट मोठा करून द्यावा. त्याने नवा तपशील येत नाही, पण एकेक अक्षर जास्त पिक्सेलांत पसरतं आणि वाचायला सोपं जातं. फोटो आडवा-उलटा असेल तर त्याच वेळी सरळ करून घ्या. आणि कापायला घेतलेली फाइल मूळचीच आहे ना, हेही बघा. मेसेजिंग अ‍ॅपमधून फिरून आलेली प्रत बहुतेकदा आधीच दाबलेली असते.

प्लेटवर चमक पडली असेल किंवा फोटो हललेला असेल तर कापूनही काही हाती लागत नाही. तेव्हा मोटारीपाशी परत जायचं आणि जरा वेगळ्या कोनातून दुसरा फोटो काढायचा. दोन फोटोंचा खरा उपयोग इथे होतो, कारण एकात चमकेखाली गेलेलं अक्षर दुसऱ्यात उघडं असतं.

एक शंका कुणीतरी काढेलच, म्हणून सांगतो. मॉडेल सुरुवातीपासून शेवटाकडे वाचत जातं. फोटो आधी आणि प्रश्न नंतर असेल, तर फोटोवरून जाताना नेमकं काय शोधायचंय हे त्याला माहीत नसतं. प्रश्नानंतर आलेल्या दुसऱ्या प्रतीच्या वेळी ते माहीत असतं. त्यामुळे लक्ष कुठे द्यायचं यात थोडा फरक पडू शकतो, गर्दीच्या फोटोत एखादी वस्तू शोधायची असेल तर विशेष. पण सहा पिक्सेलचं अक्षर त्याने सात पिक्सेलचं होत नाही. तेवढ्यासाठी प्रश्नात जागा सांगितली तरी भागतं: ‘प्लेटवरची खालून दुसरी ओळ, अक्षर न् अक्षर सुटं लिहून दे, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाक.’

कापलेला तुकडा शक्यतो नव्या संभाषणात टाका. जुन्या संभाषणात 6088813 आधीच लिहिलेलं असतं, आणि ते समोर असलं की पुढचं वाचन त्याच्याकडे ओढलं जातं.

तोच फोटो जसाच्या तसा परत द्यावा लागतो तो एका प्रसंगी: संभाषण इतकं लांबलंय की अ‍ॅपने सुरुवातीचा भाग सोडून दिलाय. हे ओळखायला फोटोतली अशी एखादी गोष्ट विचारा जिचा उल्लेख अजून झालेला नाही, उदाहरणार्थ मागच्या भिंतीचा रंग. उत्तर बरोबर आलं तर फोटो अजून समोर आहे. गोलमोल आलं तर पुन्हा टाका आणि सोबत लिहा, ‘हा वरचाच फोटो आहे.’ नाहीतर दोन वेगळे फोटो समजून मॉडेल त्यांतले फरक शोधायला बसतं, नाहीतर एकाच मोटारीच्या दोन मोटारी मोजतं.

माझ्या तुकड्यावर नव्या संभाषणात पहिल्याच फटक्यात 60B8813 आलं. तरी लिहून घेण्याआधी मी तो तुकडा मोठा करून त्यातला B आणि शेजारचा 8 जवळजवळ धरून पाहिले. B ची डावी कड सरळ होती.