निमुळता दंड आणि टांगलेला दंड : लांबीवाढ काढताना या चुका टाळा

या दोन्ही गणितांत चूक होते ती सरासरी घेताना. निमुळत्या दंडात बल सर्वत्र सारखे असते आणि छेदाचे क्षेत्रफळ बदलते. टांगलेल्या सरळ दंडात क्षेत्रफळ सारखे राहते आणि बल बदलते. विकृती बलाच्या सम प्रमाणात असल्यामुळे बलाची सरासरी घेतलेली चालते, परंतु ती क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे क्षेत्रफळाची सरासरी घेतल्यास उत्तर चुकते.

समजा, 1000 मिमी लांबीचा पोलादी दंड एका टोकाला 40 मिमी आणि दुसऱ्या टोकाला 20 मिमी व्यासाचा असून त्याला 50 kN ने ओढले आहे, आणि E = 2×10⁵ N/mm² आहे. येथे योग्य सूत्र असे आहे :

δ = 4PL / (πE d₁d₂)

त्यातून लांबीवाढ सुमारे 0.398 मिमी येते. सरासरी व्यास 30 मिमी धरला तर ती 0.354 मिमी, म्हणजे सुमारे 11 टक्के कमी येते. दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर 0.318 मिमी, म्हणजे 20 टक्के कमी. अशी सरासरी बारीक टोकाकडील मोठी विकृती झाकून टाकते, त्यामुळे उत्तर नेहमी कमीच येते, आणि आरेखनात ही चूक धोक्याच्या बाजूची ठरते. सूत्र तपासायचे असल्यास d₁ = d₂ ठेवून पाहावे; ते PL/AE मध्ये बदलले पाहिजे. याशिवाय बारीक टोकावरील प्रतिबल स्वतंत्रपणे काढावे. येथे ते सुमारे 159 N/mm² येते, आणि ते पदार्थाच्या स्थितिस्थापक मर्यादेत असेल तरच वरील सूत्र लागू पडते.

टांगलेल्या दंडात खालच्या टोकाला बल शून्य असते आणि वरच्या आधारापाशी ते पूर्ण वजन W इतके असते, म्हणून सरासरी बल W/2 होते आणि δ = WL/(2AE) मिळते. येथे 2 विसरून WL/AE लिहिणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. त्या सूत्राचा अर्थ सारे वजन खालच्या टोकाला लटकवले आहे असा होतो. W च्या जागी γAL लिहिल्यास δ = γL²/(2E) उरते, आणि क्षेत्रफळ निघून जात असल्यामुळे दंड जाड केल्याने ही लांबीवाढ कमी होत नाही.

γ हे एकक घनफळाचे वजन आहे, घनता नव्हे. 100 मीटर लांबीच्या पोलादी दंडासाठी γ = 77 kN/m³, म्हणजे 7.7×10⁻⁵ N/mm³ घेतल्यास लांबीवाढ सुमारे 1.93 मिमी येते. 7850 kg/m³ ही घनता g ने न गुणता वापरली तर 0.2 मिमीच्या आसपास उत्तर मिळते, तेव्हा जवळपास दहापट फरक दिसताच प्रथम g तपासावा.

निमुळता दंड स्वतःच्या वजनाने टांगलेला असेल, तर बल आणि क्षेत्रफळ दोन्ही बदलतात, त्यामुळे वरीलपैकी कोणतेही सूत्र तसेच वापरता येत नाही. रुंद तळ वर आणि टोक खाली असलेल्या पूर्ण शंकूसाठी समाकलन केल्यास γL²/(6E) मिळते, जे तेवढ्याच लांबीच्या सरळ दंडाच्या एक तृतीयांश आहे.