फोटोतली नंबरप्लेट झाकताना: आधी बुजवा, मग धूसर करा

रस्त्याचा फोटो प्रसिद्ध करण्याआधी बहुतेक जण नंबरप्लेटवर ब्लर फिरवतात आणि काम झालं असं समजतात. पण ब्लर मूळ आकडे पुसत नाही, तो त्यांचा रंग आजूबाजूला पसरवतो. चौकटी पाडणारा मोझेक प्रत्येक चौकटीत मूळ रंगांची सरासरी भरतो. दोन्हींत जे काही दिसतं ते मूळ आकड्यांतूनच निघालेलं असतं.

प्लेटच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं आहे, कारण तिथे काय लिहिलेलं असू शकतं याची मर्यादा आधीच माहीत असते. अक्षरांचा अंदाज आला आणि चार आकडेच शोधायचे राहिले, तर एकूण शक्यता 10,000. प्रत्येक शक्यतेची प्लेट त्याच टाइपात तयार करायची, तिच्यावर तसाच ब्लर द्यायचा आणि फोटोतल्या डागाशी कोणती जुळते ते पाहायचं. संगणकाला हे अजिबात जड नाही. पिळून विद्रूप करणारे इफेक्ट तर थेट उलटे फिरवता येतात. 2007 मध्ये एका गुन्हेगाराने असाच भोवऱ्यासारखा पिळलेला आपला चेहरा जर्मन पोलिसांनी सरळ केला आणि इंटरपोलने तो फोटो जगभर प्रसिद्ध केला.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मूळ पिक्सेल पूर्ण काढून त्यांच्या जागी दुसरा रंग भरायचा आणि नैसर्गिक दिसण्यासाठी जे काही करायचं ते त्या भरलेल्या रंगावर करायचं. मग पुढचा ब्लर कोणी उलटवला, तरी हाती लागेल तो तुम्हीच भरलेला रंग.

एक उदाहरण घेऊ. रस्त्याकडेला उभी गाडी, थोडी तिरकी. प्लेट पांढरी, फोटोत साधारण 140 पिक्सेल रुंद. तिच्या डाव्या अर्ध्यावर ऊन, उजव्या अर्ध्यावर सावली. साधन म्हणून GIMP धरलं आहे, पण पद्धत कुठल्याही चांगल्या एडिटरमध्ये हीच.

मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवर काम सुरू करा. 200 टक्के झूम करून सगळा फोटो डावीकडून उजवीकडे पाहून घ्या. समोरची प्लेट कोणीच विसरत नाही. राहून जाते ती दुकानाच्या काचेतली उलटी प्लेट, ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब, किंवा ट्रकच्या बाजूला रंगवलेला तोच नंबर.

आता Free Select घेऊन प्लेटच्या चार कोपऱ्यांवर क्लिक करा. फक्त आकड्यांभोवती नाही, पूर्ण प्लेट घ्या. जेपीईजी फोटो 8×8 पिक्सेलच्या तुकड्यांत दाबलेला असतो, त्यामुळे गडद आकड्याच्या कडेचा पुसट तरंग आकड्याबाहेरही काही पिक्सेल पसरतो. आकडे तेवढे झाकले तर हे तरंग बाहेर उरतात. सिलेक्शन Select > Grow ने 2-3 पिक्सेल वाढवा. टूलच्या पर्यायांतलं Antialiasing आणि Feather edges दोन्ही बंद ठेवा. कड मऊ दिसावी म्हणून फेदर चालू केलं, तर कडेचा पट्टा अर्धपारदर्शक होतो आणि पहिलं नि शेवटचं अक्षर त्यातून डोकावतं. अशा झाकणांत ही चूक सहज होते.

रंग निवडायचा तो आकड्यांतून नाही, प्लेटच्या रिकाम्या कडेवरून. आपल्या गाडीच्या उन्हातल्या टोकाला किंचित पिवळसर पांढरा मिळेल, सावलीतल्या टोकाला निळसर राखाडी. पहिला रंग Foreground, दुसरा Background म्हणून ठेवा आणि Gradient ने डावीकडून उजवीकडे ओढा. ऊन-सावलीची सीमा प्लेटवर तीक्ष्ण असेल, तर दोन तुकडे वेगळे भरा. ऑपॅसिटी 100 आहे ना, हे आधी पाहा. हे वेगळ्या लेयरवर करू नका, थेट प्रतीवर करा. खाली मूळ प्लेट जिवंत असलेली लेयर पुढच्या ब्लरमध्ये कडेने विरळ होते आणि झाकलेलं पुन्हा दिसू लागतं.

हीलिंग ब्रश इथे नको. तो नवा पोत जुन्या जागेच्या उजेडाशी जुळवून घेतो, म्हणजे मूळ आकड्यांचा काही अंश झाकणात येऊ शकतो. क्लोन वापरायचं तर पूर्ण ऑपॅसिटीने, कडक कडेच्या ब्रशने.

इथवर प्लेट सुरक्षित आहे, पण कोरी प्लेट डोळ्याला खटकते. त्याच सिलेक्शनमध्ये गडद राखाडी ब्रशने काही उभे ठिपके द्या. त्यांची संख्या आणि अंतरं मूळ आकड्यांसारखी ठेवू नका, आणि वाचता येईल असं काही तर मुळीच लिहू नका, नाहीतर तो नंबर भलत्याच कुणाच्या गाडीचा निघेल. मग Gaussian Blur 4 ते 5 पिक्सेल. आता प्लेट नजरेच्या कोपऱ्यातून पाहिल्यासारखी दिसते. शेवटी RGB Noise अगदी थोडं. किती, ते शेजारच्या बंपरकडे बघून ठरवा: बंपरवर जेवढा रवाळपणा तेवढाच प्लेटवर. हे टाळलं की झाकलेला भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत राहतो आणि लगेच ओळखू येतो. मोबाइलवर काम करत असाल, तर मार्करऐवजी भरीव आकार वापरा. बरेच मार्कर मुळात पारदर्शक असतात. चार वेळा फिरवून काळं दिसलं, तरी फोटो उजळ केला की आकडे वर येतात.

फोटो सेव्ह करायचा तो नव्या जेपीईजीत, फाइलमध्ये दडलेली Exif माहिती आणि थंबनेल काढून. कॅमेरा फाइलच्या आत छोटं मूळ चित्र ठेवतो आणि काही प्रोग्राम एडिटनंतर ते बदलत नाहीत. मोठ्या फोटोत झाकलेलं या छोट्या चित्रात उघडं राहतं. exiftool या प्रोग्रामने कमांड लाइनवर तपासायचं असं:

```
exiftool -b -ThumbnailImage rasta.jpg > thumb.jpg
exiftool -all= -o saaf.jpg rasta.jpg
```

पहिल्या ओळीने आतलं चित्र बाहेर येतं. फाइल रिकामी आली, तर थंबनेल नाही. दुसरी ओळ माहिती काढलेली नवी प्रत देते. जुन्या फाइलवरच सेव्ह करण्याचा भरवसा धरू नका. 2023 मध्ये उघड झालं की गुगलच्या पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट-एडिटरमध्ये कापलेल्या चित्राची जुनी माहिती फाइलच्या शेवटी तशीच उरत होती आणि ती परत मिळवता येत होती.

खरी परीक्षा तयार झालेल्या फाइलची घ्या. ती नव्याने उघडा, प्लेट सिलेक्ट करा आणि Levels मध्ये काळी-पांढरी टोकं जवळजवळ भिडेपर्यंत आत ओढा. दाणेदार डाग आणि तुम्ही दिलेले ठिपके दिसले तर ठीक. कडेला सरळ उभी रेघ किंवा ठिपक्यांशी न जुळणारा आकार दिसला, तर सिलेक्शन छोटं पडलं आहे. अशा वेळी डागडुजी करत बसू नका, मूळ फाइलची नवी प्रत घेऊन पुन्हा भरा.

त्याच गाडीचे लागोपाठ काढलेले फोटो टाकणार असाल, तर प्रत्येकात ती प्लेट स्वतंत्र झाका. एकात उघडी राहिली, तर बाकीच्यांतलं झाकण व्यर्थ. फोटो बातमीसाठी असेल, तर फोटोखालच्या ओळीत ‘नंबरप्लेट झाकल्या आहेत’ एवढं लिहा, कारण झाकण जितकं बेमालूम तितकी ही नोंद वाचकाला गरजेची.