पार्ट टाइम अकाउंटंट ठेवताय? या चुका टाळा

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, मशीनचे पार्ट बनवतो, राहायला दांडिया बाजारात. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या पाच-सहा जणांनी पार्ट टाइम अकाउंटंट ठेवला आणि सगळ्यांनी थोड्याफार फरकाने त्याच चुका केल्या. प्रत्येक वेळी चहा पिता पिता तेच तेच सांगून कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पार्ट टाइम म्हणजे आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारा, टॅलीत एंट्री करणारा, जीएसटीची रिटर्न तयार करणारा माणूस. वर्षअखेरीचं ऑडिट आणि इन्कम टॅक्स सीए बघतो, ते काम वेगळं.

सगळ्यात मोठी चूक: त्याचा मोबाइल नंबर, त्याचा ईमेल

नवीन धंदा, घाई असते, जीएसटी नंबर काढायचाय, अकाउंटंट म्हणतो "साहेब मी माझाच नंबर टाकतो, तुम्हाला ओटीपीचा त्रास नको", आणि आपल्याला वाटतं काय चांगला माणूस आहे. मीही असंच म्हटलं होतं, त्यामुळे दुसऱ्याला हसायचा मला अधिकार नाही.

२०२३ ची गोष्ट. आम्ही जीएसटी दर महिन्याला भरतो, तिमाही नाही, कारण गिऱ्हाइकांना दर महिन्याला क्रेडिट लागतं. पद्धत अशी होती की तो व्हॉट्सअॅपवर चलनाची पीडीएफ पाठवायचा, मी यूपीआयने त्याच्या खात्यात तेवढे पैसे टाकायचो आणि तो भरायचा. हो, त्याच्या खात्यात. आता लिहिताना पण लाज वाटते.

जूनच्या टॅक्सचं ४६,८०० चं चलन १९ जुलैला आलं, पैसे पाठवले, पीडीएफ फाइलमध्ये लावली, विषय संपला. ऑगस्टच्या मध्यावर हालोलच्या एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून फोन, की तुमची जुलैची बिलं आमच्या टू बी मध्ये दिसत नाहीत, पेमेंट होल्डवर ठेवतोय. (टू बी म्हणजे दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर बनणारा तक्ता, सप्लायरनी कोणती बिलं दाखवली ते त्यात येतं, त्यावरच खरेदीचं क्रेडिट मिळतं.) मी अकाउंटंटला विचारलं तर "पोर्टल स्लो छे साहेब, थई जशे". झालं, मी गप्प. १९ ऑगस्टला जुलैचं ५२,२०० चं चलन आलं, तेही पैसे पाठवले!

मग महिन्याच्या शेवटी नाशिकचा माल गाडीत भरून तयार, ड्रायव्हर दारात उभा, आणि ई-वे बिल निघेना, सिस्टीम म्हणते ब्लॉक आहे. तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्याने जूनची थ्री बी, म्हणजे टॅक्स भरून द्यायचं महिन्याचं रिटर्न, भरलीच नव्हती. मागच्या महिन्याची थ्री बी राहिली की पुढच्या महिन्याची जीएसटीआर वन, म्हणजे विक्रीची बिलं दाखवायचं रिटर्न, भरता येत नाही, म्हणून जुलैची बिलं पोर्टलवर चढलीच नाहीत, आणि लागोपाठ दोन महिन्यांची थ्री बी राहिली की ई-वे बिल बंद होतं. फोन, होल्ड झालेलं पेमेंट, अडकलेली गाडी, सगळं त्याच एका न भरलेल्या रिटर्नमुळे.

पण माझ्याकडे तर चलन होतं ना? इथेच सगळे फसतात. पोर्टलवर चलन नुसतं बनवलं की सीपीआयएन नंबर मिळतो आणि पीडीएफही निघते, पैसे भरले नाहीत तरी. ते चलन १५ दिवसांत आपोआप एक्सपायर होतं. पैसे खरंच भरले की सीआयएन नंबर येतो. माझ्या फाइलमधल्या दोन्ही कागदांवर सीपीआयएन होता आणि सीआयएनच्या जागी काहीच नाही. मी फक्त रकमेचा आकडा आणि आपल्या फर्मचं नाव बघत होतो.

म्हटलं आपणच लॉगिन करून भरू. पासवर्ड त्याच्याकडे. `Forgot Password` केलं तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि तो फोन उचलेना. शेवटी कागदपत्रं घेऊन आमच्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करून मोबाइल आणि ईमेल बदलून घेतला, तेव्हा कुठे ९ सप्टेंबरला दोन्ही रिटर्न भरली. टॅक्स खिशातून दुसऱ्यांदा भरला. वर १८ टक्क्यांनी व्याज, जूनचे ५१ दिवसांचे १,१७७ आणि जुलैचे २० दिवसांचे ५१५. लेट फी दिवसाला ५० रुपये, आमच्यासारख्या दीड कोटीच्या आतल्यांना एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००, म्हणून जूनचे २,००० आणि जुलैचे १,०००. हे मिळून पाच हजारांच्या आतच, खरा मार बसला तो हालोलच्या अडकलेल्या पेमेंटचा, ते १४ सप्टेंबरची टू बी आल्यावर सुटलं. दिलेल्या पैशांतले निम्मे परत मिळाले. बाकीच्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी खड्डा भरला असणार.

तेव्हापासूनची माझी सवय: पोर्टलवर मोबाइल माझा, ईमेल माझा (धंद्यासाठी वेगळा काढलेला), टॅक्स माझ्या नेटबँकिंगमधून मी भरतो. आताची अकाउंटंट चलन बनवून ठेवते, मी पैसे भरतो, ती रिटर्न तयार करून फोन करते, मी पोर्टल उघडून आकडे बघतो आणि मग ओटीपी वाचून दाखवतो. मीटिंगमध्ये असताना ओटीपी मागितला तर देत नाही, सांगतो संध्याकाळी. "एवढा वेळ कुणाला आहे" म्हणणाऱ्यांनी नाशिकची गाडी दारात उभी असतानाचं भाडं एकदा भरून बघावं.

आणि लॉगिन हातात नसलं तरी तपासता येतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. `gst.gov.in` वर लॉगिन न करता `Search Taxpayer` मध्ये आपला जीएसटी नंबर टाका आणि `Show Filing Table` दाबा, कोणत्या महिन्याचं कोणतं रिटर्न कधी भरलं ते समोर येतं. तसंच `Track Payment Status` मध्ये जीएसटी नंबर आणि सीपीआयएन टाकला की पैसे भरले की नाही ते कळतं. दोन मिनिटांचं काम. आज जेवायच्या आधी करा.

दुसरी चूक: नफा-तोटा बघून हिशोब तपासला असं समजणं

मालक लोक महिनाअखेरीला प्रॉफिट विचारतात आणि समाधानी होतात. प्रॉफिटचा आकडा कसाही येऊ शकतो हो. मी बघतो बँकेचं रिकन्सिलिएशन, म्हणजे टॅलीतली शिल्लक आणि बँक स्टेटमेंटची शिल्लक यातला फरक कशामुळे आहे त्याची यादी. आणि फरक किती यापेक्षा त्या ओळींच्या तारखा बघतो.

गेल्या जूनचं उदाहरण देतो. टॅलीत २,३७,१०० आणि बँकेत २,१४,६००, फरक २२,५००. यादीत तीन ओळी होत्या. आपण भरलेला २५,००० चा चेक बँकेत अजून जमा नाही. बँकेने कापलेला ५९० चार्ज टॅलीत घेतलेला नाही. आणि आपण दिलेला ३,०९० चा चेक समोरच्याने अजून टाकलेला नाही. २५,००० आणि ५९० मिळवा, ३,०९० वजा करा, बरोबर २२,५००. आकडा जुळला, अकाउंटंट खूश.

पण त्या २५,००० समोर तारीख होती जानेवारीची! चेकची मुदतच तीन महिने, जानेवारीत भरलेला चेक जूनमध्ये कसला जमा होतोय? स्टेटमेंट मागे जाऊन बघितलं तर तो जानेवारीतच बाउन्स झाला होता आणि टॅलीत उलटी एंट्री कुणी केलीच नव्हती. म्हणजे त्या पार्टीचं खातं आमच्याकडे चुकतं झालेलं दिसत होतं आणि मी तिला आणखी दोनदा उधार माल दिला होता. यात चोरी वगैरे काही नव्हती, नुसता आळस. पण वसुलीला मला गणपती उजाडले. आता नियम एवढाच की यादीत ४५ दिवसांपेक्षा जुनी ओळ दिसली की त्या दिवशी बाकी काही काम नाही, आधी ती ओळ.

त्याच बैठकीत अजून दोन गोष्टी उघडून बघतो. एक, कॅश बुक कोणत्याही दिवशी मायनसमध्ये गेलंय का, कारण गल्ल्यात उणे पैसे असू शकत नाहीत, मायनस म्हणजे एखादी एंट्री सुटली किंवा खोटी आहे. दुसरं, सस्पेन्स खातं. समजलं नाही ते सगळं तिथे ढकलायची सवय असते, ते महिनाअखेरीला शून्य पाहिजे. हे सगळं मी १६ तारखेला करतो, कारण १४ ला टू बी आलेली असते, तीही खरेदीशी लावून होते. अर्धा तास जातो.

बाकीच्या चुका, पटापट

त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या टॅलीत तुमचा डेटा. नको. टॅली तुमच्या कॉम्प्युटरवर, अॅडमिनचा पासवर्ड तुमचा, त्याला वेगळा युजर.

अकाउंटंटला बँकेतून पेमेंट करायचे अधिकार देणं. त्याला बँकेचा फक्त बघायचा युजर द्या, किंवा स्टेटमेंट डाउनलोड करून द्या.

बिलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकत राहणं आणि मग "मी तर पाठवलं होतं" म्हणून भांडणं. ही चूक तुमची, त्याची नाही. एक ट्रे ठेवा, झालेल्या बिलावर त्याची सही.

शेवटच्या तारखेवर विसंबणं. त्याचे अजून दहा क्लायंट आहेत आणि ११ आणि २० तारखेला सगळ्यांनाच तो हवा असतो. आमच्याकडे जीएसटीआर वन ७ ला, टॅक्स १७ ला, हे ठेवतानाच ठरवलं. टीडीएस कापत असाल तर तो ७ तारखेपर्यंत जातो, हे पण त्याच कागदावर लिहा.

ठेवताना नुसतं "टॅली येतं का" विचारणं. सगळ्यांना येतं. मी गेल्या वर्षी तिघांना एका जुन्या महिन्याचं स्टेटमेंट देऊन रिकन्सिलिएशन करायला बसवलं. एकाने फरक सस्पेन्समध्ये टाकून जुळवून दाखवला, एक दहा मिनिटांत "घरी करून पाठवतो" म्हणून गेला. तिसरीने दीड तास लावला आणि शेवटी म्हणाली, "भाऊ, ही एक ओळ मला कळत नाहीये, याचा कागद दाखवाल का?" तिला ठेवली. आधीच्यापेक्षा हजार रुपये जास्त घेते.