रोकडवही आणि बँक स्टेटमेंटचा मेळ

महिनाअखेरीस रोकडवहीतल्या बँकेच्या रकान्याची शिल्लक ४८,२०० आणि चालू खात्याच्या स्टेटमेंटवर ५२,९६४ दिसते, असं समजा. आधी दोन्हीकडे सापडणाऱ्या नोंदींवर पेन्सिलीने खूण करा. मागच्या महिन्याचे न वटलेले चेकही तपासा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

आता बिनखुणेच्या नोंदी पाहा. वहीत ७,५०० चा दिलेला चेक आहे, पण तो अजून वटलेला नाही. शेवटच्या दिवशी भरलेले २,५०० बँकेत अजून जमा दिसत नाहीत. हा फक्त तारखांचा फरक, म्हणून वहीला हात लावायचा नाही. स्टेटमेंटची शिल्लकच कागदावर दुरुस्त करा: ५२,९६४ + २,५०० − ७,५०० = ४७,९६४.

स्टेटमेंटवर मात्र २३६ बँक चार्जेस कापलेले आहेत आणि वहीत त्यांचा पत्ता नाही. हा खरा खर्च. तो कापल्याच्या तारखेने वहीत लिहा: ४८,२०० − २३६ = ४७,९६४. मेळ बसला.

तरीही फरक उरला आणि त्याला ९ ने पूर्ण भाग गेला, तर अंकांची अदलाबदल शोधा. ५४० चे ४५० लिहिले की ९० चा फरक पडतो. किरकोळ फरक ‘इतर खर्चा’त ढकलू नका. दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकूनही तो छोटा दिसू शकतो.