देवस्थान ट्रस्टवर पॉलिसी ब्रीफ लिहिताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये सार्वजनिक धोरणाच्या वर्गाला मी एक विषय हमखास देतो: राज्याने धार्मिक न्यासांच्या कारभारावर नियमन कसं ठेवावं. शिकवायला लागण्याआधी काही वर्षं मी ट्रस्टची प्रकरणं चालवणाऱ्या एका वकिलांकडे काम केलं. त्यामुळे ब्रीफ हातात घेतला की ज्या टेबलावर ही फाइल प्रत्यक्षात अडकते, ते टेबल विद्यार्थ्याला सापडलंय का, हे मी आधी बघतो. बहुतेक वेळा ते सापडलेलं नसतं. चुका ठरावीक आहेत आणि त्या दुरुस्तही होतात.

पहिली चूक: दुसऱ्या राज्याचा प्रश्न महाराष्ट्रात आणणं

ब्रीफची सुरुवात बहुधा "मंदिरं सरकारच्या ताब्यात असावीत का?" या प्रश्नाने होते. तामिळनाडूत हा प्रश्न खरा आहे. तिथे १९५९ च्या कायद्याखाली हिंदू धर्मादाय खातं आहे आणि ते मंदिरांवर अधिकारी नेमतं. महाराष्ट्रात मुख्य कायदा १९५० चा, आता त्याचं नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. तो मंदिर, देरासर, चर्च, शाळा, दवाखाना अशा सगळ्या सार्वजनिक न्यासांना लागू होतो (वक्फसाठी वेगळा कायदा आहे). आपल्याकडे धर्मादाय आयुक्त मंदिर चालवत नाहीत. ते नोंदणी करतात, हिशेब तपासतात, परवानगी देतात किंवा नाकारतात आणि वाद ऐकून निर्णय देतात. म्हणजे हे काम बरंचसं न्यायालयासारखं आहे. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर यांच्यासाठी विधिमंडळाने स्वतंत्र कायदे केले, पण ते अपवाद आहेत. गावोगावचं देवस्थान १९५० च्या कायद्याखालीच येतं.

ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या ब्रीफमधला "महाराष्ट्र" हा शब्द खोडून तिथे "तामिळनाडू" लिहा. तरीही ब्रीफ तसाच वाचता येत असेल, तर प्रश्नाची मांडणी नव्याने करावी लागेल.

दुसरी चूक: धर्माची बाब आणि कारभाराची बाब एकत्र करणं

नाशिकचे विद्यार्थी काळारामाच्या सत्याग्रहापासून सुरुवात करतात. २ मार्च १९३० चा तो प्रसंग इथल्या प्रत्येकाला जवळचा आहे आणि तो लिहावासा वाटणं मी समजू शकतो. पण मंदिरप्रवेशाचा हक्क आणि ट्रस्टच्या मालमत्तेचं नियमन यांचे घटनात्मक आधार वेगळे आहेत. प्रवेशासाठी अनुच्छेद २५(२)(ख) आहे. मालमत्तेचा कारभार अनुच्छेद २६(घ) मध्ये येतो, आणि तिथले शब्द आहेत "कायद्यानुसार". धर्मविषयक बाबी २६(ख) मध्ये आहेत आणि तिथे हे शब्द नाहीत. मार्च १९५४ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने आलेल्या दोन निकालांनी हा फरक ठसठशीत केला. एक मद्रासच्या शिरूर मठाचा आणि दुसरा आपल्या मुंबई कायद्यावरचा, रतिलाल गांधी यांचा.

रतिलाल निकाल वाचलेला नसेल तर ब्रीफमध्ये एक वाक्य येतंच येतं: "देवस्थानाकडची शिल्लक शिक्षणासाठी वळवण्याचा अधिकार आयुक्तांना द्यावा." त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच अडवलं. मूळ धार्मिक हेतू पार पाडता येत असताना तो पैसा दुसऱ्या कामाकडे नेणारा कलम ५५ आणि ५६ चा भाग रद्द झाला. धार्मिक संस्थेवर खुद्द आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची कलम ४४ मधली तरतूदही टिकली नाही. नोंदणी, हिशेब, ऑडिट, मालमत्ता विकण्याआधी परवानगी हे सगळं मात्र टिकलं. म्हणून प्रत्येक शिफारशीखाली पेन्सिलीने लिहा की ती पूजेला हात लावते, पैशाच्या हेतूला, की फक्त हिशेबाला. पहिल्या दोन प्रकारांत बसणारी शिफारस बहुतेक वेळा काढूनच टाकावी लागते.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: रोग न तपासता औषध लिहिणं

यासाठी एक नमुना घेऊ. प्रकरण काल्पनिक आहे, पण असे कागद मी पुष्कळ हाताळलेत. निफाड तालुक्यातलं एक देवस्थान आहे, रस्त्याला लागून ट्रस्टचे सहा गाळे आहेत. प्रत्येक गाळ्याचं भाडं महिना १,५०० रुपये, तर शेजारच्या खाजगी गाळ्याला ६,००० मिळतात. म्हणजे गाळ्यामागे महिना ४,५०० बुडतात, सहा गाळ्यांचे वर्षाला ३ लाख २४ हजार, पाच वर्षांत १६ लाख २० हजार.

विद्यार्थी लगेच लिहितो: "विश्वस्त भ्रष्ट आहेत, परवानगीचे नियम कडक करा." थांबा. परवानगीचा नियम आहेच. कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल आणि बक्षीस यांना आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीचा असेल तर दहा वर्षांहून जास्त मुदतीसाठी आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत असेल तर तीन वर्षांहून जास्त मुदतीसाठी परवानगी घ्यावी लागते. या गाळ्यांचे करार अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचे आहेत आणि नऊ वर्षं त्याच माणसांना, त्याच दराने नव्याने करून दिले जातात. कागदावर परवानगीचा प्रश्न उद्भवतच नाही. तीन वर्षांची मर्यादा दोनवर आणली तरी अकरा महिन्यांच्या कराराला काहीच फरक पडत नाही. औषध कडक केलं, पण ते रोगापर्यंत पोचतच नाही.

आता ट्रस्टचं परिशिष्ट १, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा उतारा, काढून बघा. वकिलांच्या बोलण्यात ते "शेड्यूल वन" असतं. त्यात सात विश्वस्तांची नावं आहेत आणि त्यांतले चार वारलेले आहेत. ट्रस्टच्या योजनेत, म्हणजे त्याचा कारभार कसा चालवायचा हे ठरवणाऱ्या नियमावलीत, कोरम चारचा आहे, हयात विश्वस्त तीन. म्हणजे वैध सभा भरू शकत नाही, दर वाढवण्याचा ठराव होत नाही आणि लिलावाची जाहिरात कोणाच्या सहीने द्यायची हेही ठरत नाही. जुने करार पुढे ढकलणं हा एकच सोपा मार्ग उरतो.

विश्वस्त बदलला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. मग इथे नावं का बदलली नाहीत? दोन गटांनी दोन रिपोर्ट दाखल केले म्हणून. एका गटाने ग्रामसभेत नवे विश्वस्त निवडले. दुसरा गट म्हणतो की योजनेप्रमाणे रिकामी जागा उरलेल्या विश्वस्तांनी भरायची असते. दोघांनी एकमेकांच्या रिपोर्टवर हरकत घेतली आणि तारखा पडत गेल्या. गाळ्यांचं भाडं या तारखांपायी अडकलंय.

इथे आणखी एक खड्डा आहे. "चेंज रिपोर्ट निकाली काढायला कायद्याने मुदत घालावी" असं लिहून विद्यार्थी मोकळा होतो. ती मुदत २०१७ च्या दुरुस्तीने आधीच आली आहे. विश्वस्तांच्या नावातला बदल १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता मान्य करता येतो, हरकतींसाठी नोटीस निघते, ३० दिवसांत हरकत आली नाही तर तो आदेश अंतिम होतो. हरकत आली तर तीन महिन्यांत चौकशी पुरी करायची. कायद्यात असलेली गोष्ट कायद्यात आणा असं सांगणारा ब्रीफ सचिवांच्या टेबलावर दोन मिनिटंही टिकत नाही. म्हणून शिफारस लिहिण्याआधी कलमाची आजची, दुरुस्तीसह छापलेली प्रत वाचा. जुन्या पुस्तकातली प्रत वापरल्यानेच ही चूक सर्वाधिक होते.

मग अडतं कुठे, हे मोजावं लागतं. माहिती अधिकारात तीन आकडे मागा. एका वर्षात दाखल झालेले चेंज रिपोर्ट किती, त्यांतल्या किती प्रकरणांत हरकत आली आणि हरकतीच्या प्रकरणांतली किती तीन महिन्यांपलीकडे गेली. हरकत नसलेली प्रकरणंही रेंगाळत असतील तर दुखणं मनुष्यबळाचं आहे आणि शिफारस विधी व न्याय विभागाला उद्देशून हवी. फक्त हरकतीची रेंगाळत असतील तर दुखणं न्यासांच्या योजनेतल्या वारसापद्धतीत आहे. जुन्या योजनांमध्ये ती मोघम लिहिलेली असते, आणि निफाडच्या नमुन्यातलं भांडण तिथूनच उगवलंय. कलम ५०अ खाली योजना दुरुस्त करता येते. हे दोन आजार वेगळे आहेत, त्यांचे उपचारही वेगळे. मला वाटतं, ब्रीफचा निम्मा जीव हे वेगळेपण दाखवण्यात आहे.

चौथी चूक: सगळ्यावर एकच उपाय, नवं मंडळ

"या देवस्थानासाठी स्वतंत्र कायदा करून सरकारने मंडळ नेमावं" ही शिफारस मोठ्या देवस्थानाला कधी शोभते. पण हजारो लहान न्यासांसाठी विधिमंडळ वेगवेगळे कायदे करणार नाही. शिवाय चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गैरकारभार दूर करण्यासाठी व्यवस्थापन हाती घेतलं, तरी तो दूर झाल्यावर ते परत द्यावं लागतं. तेव्हा ताबा सुचवायचा असेल तर किती काळासाठी, कोणता दोष दूर होईपर्यंत आणि परत देण्याची कसोटी काय, हे त्याच परिच्छेदात लिहा.

(सिंहस्थ जवळ आलाय म्हणून गर्दी, घाट आणि साधुग्राम ब्रीफमध्ये ओढू नका. त्यांची व्यवस्था वेगळ्या यंत्रणांकडे आहे.)

निफाडच्या नमुन्यात ताब्याची गरज नाही. वाद मिटेपर्यंत मालमत्ता राखणं एवढंच हवं आहे आणि त्यासाठीचे अधिकार कायद्यात आहेत. कलम ४१अ खाली आयुक्त विश्वस्तांना कारभाराबाबत निर्देश देऊ शकतात. मालमत्तेची नासाडी होण्याचा धोका असेल तर कलम ४१ई खाली मनाई करता येते. इथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. तात्पुरती मान्यता मिळालेला गट बँक खातं आणि गाळे दोन्ही हातात घेतो आणि पुढे हरकत मान्य झाली तरी केलेले करार मागे फिरवणं कठीण जातं. म्हणून वेग वाढवण्याच्या शिफारशीला जोडूनच हा धोका बांधायला हवा.

वर्गात आम्ही शेवटी ही शिफारस अशी लिहिली: "मृत्यू किंवा राजीनाम्यामुळे नाव कमी करण्याची नोंद आणि नव्या विश्वस्ताच्या नेमणुकीचा वाद सह धर्मादाय आयुक्त कार्यालयाने वेगळे चालवावेत. नेमणुकीवर हरकत असेल तोवर ट्रस्टचा कोणताही गाळा किंवा जमीन जाहीर लिलावाशिवाय, कोणत्याही नावाच्या कराराने, नव्याने वापरायला देऊ नये असा कलम ४१अ खालचा निर्देश त्याच तारखेला द्यावा. एका वर्षाने तीन महिन्यांपलीकडे गेलेल्या हरकतींची संख्या आणि लिलावातून वाढलेलं भाडं, हे दोन आकडे कार्यालयाने फलकावर लावावेत."