चौथी झोप सुटताना: चार-पाच महिन्यांच्या बाळाचे तीन झोपांचे वेळापत्रक

माझी भाची फोंड्याला राहते. तिची मुलगी साडेचार महिन्यांची झाली तेव्हा रोज संध्याकाळी घरात एकच गोंधळ असायचा. साडेचारला बाळाला निजवायला घ्यायचे, तासभर झुलवायचे, साडेपाचला कसाबसा डोळा लागायचा. सहा-दहाला जाग आली की रात्रीचे पावणेनऊ वाजले तरी मुलगी टक्क जागी. आजीचे म्हणणे, तिन्हीसांजेला मूल निजवू नये. कारण आजीचे वेगळे होते, पण ती चौथी झोप खरोखरच नकोशी झाली होती.

आधी खूण नीट ओळखा. चौथी झोप सुटायला आलेले बाळ फक्त शेवटच्या झोपेला नकार देते, आणि नकार देताना हसत-खेळत असते. पहिल्या तीन झोपांपैकी निदान दोन तासभर किंवा जास्त होतात. दोन तास जागे राहूनही ते किरकिर करत नाही. चौथी झोप मिळालीच तर रात्रीची झोप आठ-साडेआठच्या पुढे ढकलली जाते. हे सलग पाच-सात दिवस दिसले तरच पुढे जा, एका दिवसावर विसंबू नका.

फसगत होते ती इथे. चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडणच बदलते आणि दिवसाच्या झोपा अर्ध्या-पाऊण तासावर येतात. तेव्हाही बाळ झोपायला नकार देते, पण सगळ्याच झोपांना, आणि डोळे चोळत, रडत. अशा बाळाची चौथी झोप काढली तर संध्याकाळी ते अतिथकव्याने आणखीच पेटते. त्याला अजून चारच हव्यात. महिने पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय अपेक्षित तारखेपासून मोजा.

खूण पटली की चौथी झोप एकदम तोडू नका. आधीचे जागेपण ताणा, म्हणजे ती आपोआप दिवसाबाहेर पडते. भाचीची मुलगी साडेसहाला उठून आठला निजायची. पहिले तीन दिवस आम्ही ती झोप सव्वाआठवर नेली, पुढचे तीन दिवस साडेआठवर. मग त्याच चालीने दुसरी, मग तिसरी. दर वेळी दहा-पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही. पुढे नेलेली झोप नेहमीपेक्षा तोकडी होऊ लागली, तर घाई झाली असे समजून दोन दिवस तिथेच थांबा.

अडीच आठवड्यांनी तिचा दिवस असा बसला: साडेआठ ते साडेनऊ पहिली झोप, अकरा-चाळीस ते एक-दहा दुसरी, साडेतीन ते सव्वाचार तिसरी, आणि पावणेसातला रात्रीची. दिवसाची झोप सव्वातीन तास, रात्रीची पावणेबारा. एकूण पंधरा. या वयात दिवस-रात्र मिळून 12 ते 16 तास चालतात, त्यामुळे तुमचे बाळ तेरावर खूश असेल तर आकड्यामागे धावू नका.

तिसरी झोप सगळ्यांत हट्टी असते. दुपारी गोव्यात दुकाने बंद, गल्ली शांत, म्हणून दुसरी झोप छान होते. तिसरी मात्र पाळण्यात नाही आली तर कडेवर घेऊन, फिरवून मिळवा, त्याने सवय बिघडत नाही. झोळीत डोळा लागला तर नजर ठेवा, आणि मग सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवा. तिसरी झोप पाचच्या पुढे जाऊ देऊ नका. आमच्याकडे संध्याकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू हेच उठवायचे घड्याळ झाले.

काही दिवस गणित चुकणारच. पावसात वीज गेली, पंखा थांबला, तिन्ही झोपा अर्ध्या तासाच्या झाल्या. अशा दिवशी दोनच मार्ग. चार वाजायच्या आत सगळ्या झोपा उरकल्या असतील, तर साडेचार-पाचच्या सुमारास वीस-तीस मिनिटांची चौथी झोप द्या आणि साडेपाचला उठवा. उशीर झाला असेल तर ती देऊ नका, रात्रीचीच झोप सव्वासहाला आणा. दोन-चार आठवडे कधी तीन, कधी चार असे चालते.

लवकरची रात्र घरात पटवणे हाच खरा प्रश्न. डिसेंबरात सहानंतर लगेच अंधार पडतो, तेव्हा अडचण नव्हती. जूनमध्ये सात वाजले तरी उजेड असतो, म्हणून खिडकीला जाड पडदा लागला. आजीशी तडजोड अशी झाली की आधी देवापुढे दिवा लागेल, मग मुलगी निजेल. दिवा तिने पंधरा मिनिटे लवकर लावायला सुरुवात केली.