परदेशातून आईबाबांना गप्पांचं पत्र कसं लिहायचं (तेही घरची आठवण येत असताना)

मी शिकायला बाहेर गेले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात घरी दोन पानी पत्र पाठवलं, आणि त्यात 'मी मजेत आहे' तीनदा आणि 'काळजी करू नका' चारदा लिहिलं होतं. पत्र पोचलं त्या दिवशी आईचा फोन, 'काय झालंय ते सरळ सांग.' झालं काहीच नव्हतं, नुसती घरची आठवण येत होती. पण पत्रात वाचण्यासारखं काही नव्हतंच, मग ती न लिहिलेलंच शोधत बसली. पुढची पत्रं बरी जमली, ती कशी ते सांगते.

सगळ्यात आधी, लिहायला बसायच्या आधीच आठवडाभर चिल्लर गोळा करायची. फोनमधल्या नोट्समध्ये रोज एकच ओळ टाका. कोऱ्या कागदासमोर बसलं की हवा, अभ्यास, परीक्षा एवढंच आठवतं आणि ते सगळं फोनवर सांगून झालेलं असतं. नोंद कशाची करायची, तर आवाज, वस्तू, वेळ आणि आपली फजिती. 'लायब्ररीत गेले' ही नोंद नाही. 'लायब्ररीतल्या माझ्या खुर्चीचं एक चाक अडकतं त्यामुळे वाचता वाचता मी हळूहळू शेजारच्याच्या टेबलावर पोचते' ही नोंद. आठवड्याच्या सात ओळींतल्या तीनच पत्रात घ्या, सातही घेतल्या की हजेरीपट होतो.

मग सुरुवात. वर 'ती. आई-बाबा' लिहा नाहीतर नुसतं 'आई, बाबा', तुमच्या घरात जे चालतं ते, पण त्याखालची पहिली ओळ बोलण्यातली हवी आणि सरळ प्रसंगातच शिरायला हवी. माझी एक युक्ती आहे, पहिला परिच्छेद जसा सुचेल तसा लिहायचा आणि मग तो खोडायचा, कारण दहातल्या आठ वेळा खरं पत्र दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू झालेलं असतं. खोडायचं की नाही ते कसं ओळखायचं? ती ओळ दुसऱ्या कुणाच्याही पत्रात तशीच्या तशी चालत असेल तर ती खोडायची.

सुरुवातीला हसायचं ते स्वतःवर. आणि फजिती सांगत असाल तर तिचा शेवट त्याच परिच्छेदात सांगून टाका. 'काल खोलीची किल्ली आत राहिली आणि दार लागलं' असं लिहून तुम्ही पुढे अभ्यासाकडे वळलात की तिकडे आईबाबांसाठी तुम्ही अजून दाराबाहेरच उभे असता, आणि पत्रात त्यांना 'मग?' विचारता येत नाही. आजारपणाचं तर नक्कीच असं करा, बरं झाल्यावरच लिहा, ताप अजून असेल तर फोन करा.

आता मधला भाग, इथे खरी मेहनत आहे. माझ्या एका पत्राचा कच्चा खर्डा असा होता: 'इथे बिल्डिंग छान आहे, शेजारी चांगले आहेत, वर कोणीतरी पियानो वाजवतं. पण संध्याकाळी खूप एकटं वाटतं. तुमची फार आठवण येते.' यात खोटं काहीच नाही, पण दिसतही काही नाही. तीन गोष्टींना हात लावला आणि तिन्ही निसटल्या. मग मी बिल्डिंग काढली, शेजारी काढले, फक्त पियानो ठेवला आणि स्वतःलाच प्रश्न विचारले. किती वाजता? काय वाजवतो? मी तेव्हा काय करत असते? पक्कं झालं ते असं:

'वरच्या मजल्यावर कोणीतरी रोज साडेसहाला पियानो वाजवतं. रोज तोच तुकडा, आणि रोज त्याच जागी चुकतं, मग थांबून पहिल्यापासून. आता ती जागा यायच्या आधी माझाच हात थांबतो, भांडं घासत असले तरी. परवा वाजलाच नाही. खोली इतकी गप्प झाली की मला आपल्या कपाटाचं दार आठवलं, आई ते एकदा ढकलते, ते लागत नाही, मग दुसऱ्यांदा ढकलते. तो दुसरा आवाज फार ऐकावासा वाटला. काल परत सुरू झाला, चुकण्यासकट.'

आठवण कुठे बसली बघा. पत्राच्या मध्यावर, एका आवाजाला धरून, दोन ओळींत, आणि लगेच पुढच्या वाक्यात आपण परत आपल्या खोलीत. सुरुवातीलाच आठवण काढली तर पुढचं सगळं त्याच सुरात वाचलं जातं, आणि शेवटी काढली तर पत्राची घडी घालताना हातात तेवढंच उरतं. अजिबात न काढणं मात्र चुकीचं, त्यांना तसंही कळतंच. आणि झोप लागत नाही, जेवण जात नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर पत्र पुरणार नाही, तेव्हा सरळ फोन करून बोला आणि तिथल्या कुणाला तरी भेटा.

प्रश्न विचारताना 'सगळे कसे आहेत' विचारलंत की उत्तर येणार 'बरे'. आणखी एक अडचण आपल्या भाषेची, दोघांना मिळून लिहिताना सगळीकडे 'तुम्ही' येतं, आणि आईला जन्मभर 'तू' म्हटलेलं असेल तर ते परकं वाटतं. म्हणून प्रत्येकासाठी एक वेगळी ओळ ठेवा. 'आई, तू ते दार अजून दोनदा ढकलतेस का?' 'बाबा, बिजागरीला तेल घातलंत की बघू म्हणालात?' याची उत्तरं एका शब्दात येत नाहीत.

कागदाचं थोडक्यात. अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढा, वर तारीख घाला, कारण तुमचं 'काल' वाचेपर्यंत जुनं झालेलं असतं. साध्या 80 जीएसएमच्या ए-फोर कागदाचं वजन 5 ग्रॅम भरतं, आणि बऱ्याच देशांत पत्राच्या वजनाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन कागद आणि पाकीट आरामात बसतं. तिसरा कागद जाड पाकिटात घालायचा असेल तर वजन करून घ्या. पत्त्यात देशाचं नाव सगळ्यात शेवटच्या ओळीवर, मोठ्या अक्षरात.

शेवट करताना ओढूनताणून काही लिहू नका, समोर जे चाललंय त्यावरच उठा. 'मशीन थांबलं, कपडे काढायला जाते' हे मला कुठल्याही 'आपली लाडकी' पेक्षा बरं वाटतं. फक्त खाली दोन बोटं जागा ठेवा आणि पाकीट लगेच चिकटवू नका, एक रात्र जाऊ द्या, ताजा कलम त्यातूनच निघतो. माझ्या त्या पत्राला होता तो एवढाच:

'ता. क. आज तो तिथे चुकला नाही. मीच उगाच थांबले.'